ग्रूमिंगचे दर पोस्टमध्ये कसे लिहावेत? ‘६०० पासून’ या शब्दावरून वाद झाला

मृदुला_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला माझं कुत्र्या-मांजरांच्या ग्रूमिंगचं छोटं दुकान आहे, दोन वर्षं झाली. एक टब, एक टेबल, मी आणि मदतीला एक मुलगा. गिऱ्हाईक बहुतेक आजूबाजूच्या सोसायट्यांमधलं आहे, आणि त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दर महिन्याला दरांची पोस्ट टाकते. सध्याची पोस्ट अशी आहे:

बेसिक – स्मॉल ६००, मीडियम ८००, लार्ज १,००० पासून
प्रीमियम – स्मॉल ९००, मीडियम १,२००, लार्ज १,५०० पासून
लक्झरी स्पा – स्मॉल १,४००, मीडियम १,८००, लार्ज २,२०० पासून
लांब केस ३०० जादा, डी-मॅटिंग ५०० पासून, मेडिकेटेड शॅम्पू २५०, नेल क्लिप १००, सॅनिटरी ट्रिम १००. अटी लागू.

गेल्या रविवारी एक बाई त्यांचा शिह त्झू घेऊन आल्या. सहा किलोचा, गोड स्वभावाचा. ‘बेसिक स्मॉल’ सांगून सोडून गेल्या. आंघोळीआधी हात फिरवला तर कानांमागे, बगलेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केसांच्या जटा झालेल्या. त्या सोडवल्या, आंघोळ घातली, वाळवलं, नखं कापली, पोटाखालचे केस काढले. कातडी लाल दिसली म्हणून औषधी शॅम्पू लावला. बिल झालं १,८५०. बाई म्हणाल्या, “पोस्टमध्ये ६०० लिहिलंय, हे तिप्पट कसं?” मी एकेक ओळ दाखवली. त्यांनी पैसे दिले, पण जाताना म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंत तर मी विचार केला असता.” त्यांचं बरोबर होतं आणि ते मला फार लागलं.

तर विचारायचं आहे ते हे: दर कमी-जास्त करायचे नाहीत, पोस्ट नीट लिहायची आहे. गिऱ्हाइकाला घरी बसून आपला आकडा कळला पाहिजे. कशी लिहू?

शेरूची_आई

मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. आमचा ल्हासा आहे. तुमची पोस्ट वाचून मीसुद्धा ‘बेसिक स्मॉल ६००’ असंच समजले असते. ‘पासून’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण डोक्यात राहतो तो आकडा. आणि बेसिक आणि प्रीमियममध्ये फरक काय ते कुठेच लिहिलेलं नाही. प्रीमियममध्ये केस कापतात का? लक्झरी स्पामध्ये नक्की काय करतात?

मृदुला_सिंहगडरोड

प्रीमियममध्ये केस कापणं आहे. लक्झरीमध्ये केस कापणं, पंजांना बाम आणि कंडिशनर. खरं सांगायचं तर लक्झरी महिन्यातून दोनदासुद्धा कुणी घेत नाही.

वजनकाटा

ताई, सोपं आहे. किलोवर दर लावा. माझं नाशिकला पेट फूडचं दुकान आहे, तिथे एक जण ग्रूमिंग करतो, तो वजनावरच घेतो. दहा किलोपर्यंत एक दर, पंचवीसपर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. कुत्रा काट्यावर उभा केला की वाद संपला. स्मॉल-मीडियम हे शब्द काढून टाका, बीगल स्मॉल की मीडियम यावर माणसं वाद घालतात.

आणि उन्हाळ्यात गोल्डन, हस्की वगैरेंना सरळ झिरो कट सुचवा. तुमचाही वेळ वाचतो, कुत्र्यालाही गार वाटतं.

जुनी_कात्री

मी ठाण्यात चौदा वर्षं हे काम करतो. वजनकाटा दादांचं पहिलं अर्धं बरोबर आहे. स्मॉल-मीडियम-लार्ज काढा आणि किलो लिहा, कारण किलो गिऱ्हाइकाला माहीत असतात, लसीच्या पुस्तिकेत लिहिलेले असतात. पण एकट्या वजनावर दर लावला तर मृदुलाताईंचा रविवार पुन्हा येणार. तीस किलोचा लॅब्राडॉर माझ्या टेबलावरून सव्वा तासात उतरतो. सहा किलोचा शिह त्झू केस कापायला असेल तर दोन तास घेतो. वजनाने लॅब पाचपट आणि वेळ शिह त्झूला जास्त. मग सगळ्यात कमी वजनाचा गट स्वस्त दिसतो, आणि ज्या कुत्र्यांना सगळ्यात जास्त काम लागतं ती नेमकी त्याच गटात असतात. ‘लांब केस ३०० जादा’ ही ओळ तुम्ही ते झाकायला टाकलीत, पण ती खाली आहे, आणि ‘लांब’ म्हणजे किती हे प्रत्येकाच्या मनात वेगळं आहे. गोल्डनवाले म्हणतात आमचे केस मध्यम आहेत.

झिरो कटबद्दल मात्र कृपा करून थांबा. गोल्डन, हस्की, जर्मन शेफर्ड, स्पिट्झ यांना दोन थर असतात, वरचे राठ केस आणि आत मऊ लोकर. ते आवरण ऊनही अडवतं. मुळापासून काढलं तर कातडी उघडी पडते, आणि काही कुत्र्यांचे केस नंतर ठिगळ-ठिगळ उगवतात. स्पिट्झच्या बाबतीत हे मी स्वतः पाहिलंय, वर्ष उलटलं तरी पाठ भरली नव्हती. त्यांना लागतं ते ब्लोअरने आणि रेकने आतली सुटलेली लोकर काढणं. त्यात वेळ जातो, आणि तो वेळ दरात धरायला हवा.

वजनकाटा

दोन थरांचं माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळे करतात म्हणून लिहिलं. किलोचा मुद्दा मात्र मी सोडत नाही, तो दिसायला हवाच.

मनीमाऊ_नागपूर

माझी पर्शियन आहे. तिच्या पोटाखाली गठ्ठे झालेत. घरी कात्रीने कापले तर चालतील का? इथे एका ठिकाणी १,५०० सांगितले आणि म्हणाले इंजेक्शन देऊन शांत करू. ते जादा घेतायत का?

पशुवैद्य_सातारा

मनीमाऊ, धाग्याचा विषय वेगळा आहे, पण हे महत्त्वाचं म्हणून लिहिते. कात्रीने अजिबात नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गठ्ठ्याबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत येते. अशा जखमा शिवायला माझ्याकडे मांजरी येतात. गठ्ठे मशीननेच काढायचे. गुंगीचं औषध ग्रूमरने द्यायचं नसतं. ते तपासून, वजन आणि वय पाहून पशुवैद्यानेच द्यायचं. १,५०० जादा की कमी हा प्रश्न नंतरचा, ‘शांत करणारा’ माणूस कोण हे आधी विचारा.

मृदुलाताई, यातून तुमच्या पोस्टसाठीही एक गोष्ट निघते. मांजरांचा दर कुत्र्यांच्या तक्त्यात घालू नका, वेगळी ओळ लिहा. आणि औषधी शॅम्पू तुम्ही ठरवून लावू नका. लाल कातडी बुरशीची आहे, गोचिडांची आहे की अ‍ॅलर्जीची, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘डॉक्टरांनी दिलेला शॅम्पू घेऊन या, आम्ही तो वापरू’ असं लिहा. त्यातले बरेचसे दहा मिनिटं अंगावर ठेवायचे असतात, तेवढाच तुमचा वेळ वाढतो.

मृदुला_सिंहगडरोड

हे पटलं. २५० ची ओळ काढते. लाल कातडी दिसली तर फोटो काढून मालकांना पाठवेन आणि डॉक्टरांकडे जायला सांगेन.

जुनी_कात्री

आता मूळ हिशोबाकडे येऊ. ताई, पोस्ट लिहिण्याआधी एक आकडा तुमच्याकडे हवा: टेबलावरच्या एका तासाला तुम्हाला किती मिळायला हवेत. तुमचा महिन्याचा खर्च, स्वतःच्या पगारासकट, आणि कुत्रा प्रत्यक्ष टबात किंवा टेबलावर असतो ते तास. दुकान उघडं असतं ते तास धरू नका.

मृदुला_सिंहगडरोड

भाडं २२,०००. मुलाचा पगार १६,०००. वीज ६,०००, गीझर आणि ब्लोअरमुळे. शॅम्पू, टॉवेल, ब्लेडला धार मिळून ७,०००. माझे ३०,००० धरले. एकूण ८१,०००.

तास मोजायला गेल्या महिन्याची वही काढली. शनिवार-रविवार भरगच्च, मंगळवार-बुधवार जवळजवळ रिकामे. सगळं मिळून साधारण १२० तास.

जुनी_कात्री

म्हणजे तासाला ६७५. आता रविवारचा शिह त्झू किती वेळ होता?

मृदुला_सिंहगडरोड

अकरा वाजता घेतला, दोनला वीस मिनिटं कमी होती तेव्हा फोन केला.

जुनी_कात्री

दोन तास चाळीस मिनिटं. ६७५ ने १,८०० होतात. तुम्ही १,८५० घेतले. म्हणजे बिल चुकीचं नव्हतं, पोस्ट चुकीची होती. ६०० हा आकडा त्या कुत्र्याला कुठल्याच वाटेने लागू होत नव्हता, तरी पोस्टमध्ये त्याच्या नावासमोर तोच होता.

आता या तासाच्या आकड्यावरून उलटं या. मी कुत्रे तीन प्रकारांत बघतो आणि तुम्ही गिऱ्हाइकालाही तसंच विचारा, जातीची यादी देऊन. पहिला प्रकार आखूड केसांचा: लॅब, पग, बीगल, आपले गावठी. दुसरा दाट आणि गळणाऱ्या केसांचा: गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, स्पिट्झ. तिसरा, ज्यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात आणि कापावेच लागतात: शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल. ‘लांब की आखूड’ विचारलं तर गोंधळ होतो, कारण नुकताच केस कापलेला शिह त्झू आखूडच दिसतो. ‘केस कापावे लागतात का’ असं विचारलं की उत्तर एकच येतं.

शेरूची_आई

हे मला लगेच कळलं. आमचा शेरू तिसरा. पण आमच्या शेजारी एक मिश्र जातीचा आहे, स्पिट्झ आणि देशी. तो कुठे?

जुनी_कात्री

घरात सोफ्यावर केस गळतात आणि बोटं घातली तर आत मऊ लोकर लागते, तर दुसरा. पाठीवरून हात फिरवताना केसांखालची कातडी सहज दिसते, तर पहिला. तरी शंका राहिली तर एक फोटो मागवा. फोटो पाठीचा नको, कानामागचे केस बोटांनी फाकवून काढलेला हवा. पाठीचे केस सगळ्यांचेच छान दिसतात, कारण लोक वरवरून तिथेच ब्रश फिरवतात.

ताळेबंद

एक मध्येच. ताई, तुमची उलाढाल या हिशोबाने वर्षाला दहा लाखांच्या आसपास दिसते. सेवांना जीएसटी नोंदणीची मर्यादा वीस लाखांची आहे. नोंदणी नसेल तर ‘कर वेगळा’ असं लिहूही नका आणि घेऊही नका. पोस्टमध्ये असेल तोच आकडा बिलावर, एवढं एकच वाक्य ठेवा. ‘अटी लागू’ काढून टाका, त्या दोन शब्दांनी माणूस सावध होतो आणि अटी कुठे आहेत ते शोधायला लागतो.

मृदुला_सिंहगडरोड

कर घेत नाही मी. ‘अटी लागू’ सगळे लिहितात म्हणून लिहिलं होतं. काढते.

जटांचं काय करू? भांडण तिथेच झालं. त्याचा दर आधी सांगता येत नाही, कारण जटा किती आहेत ते टेबलावर घेतल्याशिवाय कळत नाही.

जुनी_कात्री

हाच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जटांचा कुत्रा ‘फक्त आंघोळ’ या दरात बसूच शकत नाही, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, धुतलं की सुटेल. उलट पाणी लागलं की जटा आवळते, वाळताना नमद्यासारखी घट्ट होते आणि कातडीला ओढ बसते. आत ओल राहते आणि तिथे फोड येतात. म्हणून जटा आंघोळीच्या आधी सुटल्या पाहिजेत किंवा कापल्या गेल्या पाहिजेत. पोस्टमध्ये हे एका ओळीत आलं पाहिजे, नाहीतर ‘मी फक्त आंघोळ सांगितली होती’ हे वाक्य तुम्ही आयुष्यभर ऐकाल.

आता दर. ‘डी-मॅटिंग ५०० पासून’ यात दोन्ही दोष आहेत, ‘पासून’ही आहे आणि कशाचे ५०० तेही नाही. मी मिनिटांवर घेतो. तासाला ६७५ म्हणजे पंधरा मिनिटांचे १६९ येतात, १७० लिहा. आणि वर मर्यादा घाला: जास्तीत जास्त तीस मिनिटं, म्हणजे ३४०. त्यापुढे सोडवायचं नाही. ही मर्यादा गिऱ्हाइकाच्या खिशासाठी आहेच, पण त्याहून जास्त कुत्र्यासाठी आहे. जटा ओढून सोडवताना त्याला दुखतं. अर्ध्या तासानंतर तो चावायला लागतो आणि पुढच्या वेळी टेबल बघूनच थरथरतो. त्यापेक्षा सगळे केस आखूड कापावेत, ते तीन महिन्यांत परत येतात.

म्हणजे गिऱ्हाइकापुढे दोनच वाटा राहतात. थोड्या जटा असतील तर कापण्याचा दर अधिक १७० किंवा ३४०. जास्त असतील तर आखूड कट, नेहमीच्या कापण्याच्या दरात, वर काही नाही. आणि यापैकी काय करायचं ते फोनवर विचारल्याशिवाय मशीन हातात घ्यायचं नाही.

शेरूची_आई

पण जुनी_कात्री दादा, जटा थोड्या की जास्त हे मला घरी कसं कळणार? मी रोज ब्रश करते. तरी गेल्या वेळी ग्रूमर म्हणाले की आत जटा आहेत. मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

जुनी_कात्री

अपमान नाही हो, ब्रशची चूक आहे. बहुतेक ब्रश वरच्या केसांतून फिरतात, मुळापर्यंत पोचतच नाहीत. स्टीलचा कंगवा घ्या, दात कातडीला टेकवा आणि बाहेरच्या दिशेने ओढा. पाच ठिकाणी: कानांमागे, पुढच्या पायांच्या बगलेत, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी आणि पट्ट्याखाली. पट्टा काढून, कारण पट्टा घासून तिथे हमखास गुंता होतो. कंगवा पाचही ठिकाणी सरळ निघाला तर जटा नाहीत. एक-दोन ठिकाणी अडला तर थोड्या. आत शिरतच नसेल तर आखूड कट धरून चाला.

मृदुलाताई, ही कंगव्याची चाचणी पोस्टमध्येच घाला. मग आकडा गिऱ्हाईक स्वतः काढतं आणि तुमच्याकडे येताना मनाची तयारी झालेली असते.

पशुवैद्य_सातारा

आखूड कटबद्दल एक भर. कानांवर घट्ट जटा असतील तर त्या काढल्यावर कुत्रा डोकं जोरात झटकतो. कधीकधी कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुग्यासारखी होते. जटेखाली आधीच जखम असू शकते, ती केस काढल्यावर दिसते आणि मालकाला वाटतं मशीनने कापलं. म्हणून काढण्याआधी आणि नंतर फोटो. आणि फोनवर होकार घेताना हे सांगून ठेवा.

म्हापसेकर

मी गोव्यात घरी जाऊन ग्रूमिंग करतो. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. इथे दमट हवा, पावसाळ्यात घरी वाळवायलाच दीड पट वेळ लागतो. मी दरात एकच आकडा ठेवलाय आणि अंतराचे पैसे वेगळे, दहा किलोमीटरच्या आत काही नाही. पंधरा मिनिटांचा हिशोब घरी चालत नाही, मालक समोर घड्याळ लावून बसतात आणि मला घाई होते. घाईत ब्लेड तापतं तेही लक्षात येत नाही. तुमच्याकडे दुकानात चालेल कदाचित.

जुनी_कात्री

हे खरं आहे. मालक समोर असताना मीही मिनिटं मोजत नाही, पंधरा मिनिटांचा ‘एक भाग की दोन भाग’ ते आधीच सांगून टाकतो. ब्लेडचं म्हणाल तर दर काही मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं.

मृदुला_सिंहगडरोड

तीन दिवस बसून नवी पोस्ट लिहिली. वेळ वहीतून घेतले, ६७५ ने गुणले आणि वरच्या गोल आकड्यात आणले. आकडे बघून कुठे खटकतं ते सांगा.

‘खालच्या प्रत्येक दरात आंघोळ, पूर्ण वाळवणं, विंचरणं, नखं कापणं आणि कान पुसणं आलंच. यांचे वेगळे पैसे नाहीत.

आधी तुमचा कुत्रा कोणत्या ओळीत बसतो ते बघा.

१) आखूड केस (लॅब, पग, बीगल, देशी)
१० किलोपर्यंत ६००. १० ते २५ किलो ७००. २५ किलोच्या वर ९००.

२) दाट, गळणारे केस (स्पिट्झ, गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की). आतली सुटलेली लोकर काढणं यात धरलं आहे.
१० किलोपर्यंत ८५०. १० ते २५ किलो १,१५०. २५ किलोच्या वर १,४००.

३) वाढत राहणारे केस (शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल)
१० किलोपर्यंत: न कापता ९००, केस कापून १,३५०.
१० ते २५ किलो: न कापता १,२००, केस कापून १,८००.

जटा असतील तर: जटा असताना आंघोळ घातली तर त्या घट्ट होतात, म्हणून आधी काढाव्या लागतात. स्टीलचा कंगवा कानांमागे, बगलेत, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी, पट्ट्याखाली फिरवून बघा. एक-दोन ठिकाणी अडला तर सोडवण्याचे १५ मिनिटांना १७०, जास्तीत जास्त ३४०. आत शिरतच नसेल तर आखूड कट, दर वरचाच. कुठलंही जादा काम फोनवर विचारल्याशिवाय करत नाही.

मांजर: फोन करा, वेगळी वेळ देते.

हेच आकडे बिलावर असतील.’

शेरूची_आई

शेरू सात किलोचा, केस कापायचे, कंगवा कानामागे अडतो. १,३५० आणि १७०, म्हणजे १,५२०. बरोबर?

मृदुला_सिंहगडरोड

बरोबर! आणि एका ठिकाणी अडतो तर बहुतेक पंधरा मिनिटांत सुटेल. रविवारचा शिह त्झू या पोस्टप्रमाणे आला असता तर बाईंना घरीच दिसलं असतं: सोडवून १,६९० किंवा आखूड कट १,३५०. मी १,८५० घेतले होते. म्हणजे मलाही पन्नास मिनिटं ओढाताण करायची गरज नव्हती, आणि त्या पिल्लालाही एवढा त्रास झाला नसता. हे हिशोब करताना दिसलं आणि वाईट वाटलं.

वजनकाटा

१० किलोचा कुत्रा कुठल्या गटात? ‘१० पर्यंत’मध्ये की ‘१० ते २५’मध्ये? माझ्या दुकानात पोत्यांवरून असेच प्रश्न येतात.

मृदुला_सिंहगडरोड

अरे हो. ‘१० किलोपर्यंत’मध्ये. ‘१० ते २५’ ऐवजी ‘१० च्या वर, २५ पर्यंत’ लिहिते. धन्यवाद दादा, हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

ताळेबंद

ग्रुपवर टाकताना वर तारीख घाला: ‘१ तारखेपासूनचे दर’. पोस्ट पुढे पाठवली जाते आणि सहा महिन्यांनी कुणीतरी जुनी दाखवतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रकाने करू नका, लहान फोनवर आकडे घसरतात. तुम्ही केलंत तसं ओळीतच ठेवा. लांब संदेश अर्धा झाकला जातो, म्हणून ‘तुमचा कुत्रा कोणत्या ओळीत’ आणि तीन गट वरच हवेत.

जुनी_कात्री

आकडे ठीक आहेत. दोन गोष्टी सुचवतो, घ्या किंवा सोडा.

तिसऱ्या गटातले लोक पाच आठवड्यांच्या आत परत आले तर जटा क्वचित होतात आणि माझा अर्धा तास वाचतो. तेवढे मी कमी घेतो. तुमच्या हिशोबात १,३५० चे १,०५० होतील. ही सूट म्हणून लिहू नका, ‘५ आठवड्यांच्या आत आलात तर १,०५०’ एवढंच लिहा. कारण खरोखर तेवढंच काम असतं.

दुसरं, बाहेरगावचे लोक विचारतील तिसऱ्या गटात २५ च्या वर काय. मोठा पूडल पुण्यात कमी, पण आहे. ‘फोन करा’ लिहा, गप्प राहू नका.

शेरूची_आई

पाच आठवड्यांचा दर आवडला. पण आगाऊ पैसे भरून सहा वेळचं पॅकेज वगैरे नको. मी एकदा एका ठिकाणी घेतलं होतं, तिसऱ्या वेळी दुकानच बंद झालं.

म्हापसेकर

चावणाऱ्या कुत्र्यांचं काय? मी जादा घेतो, ३००. पण पोस्टमध्ये लिहीत नाही, लिहिलं तर मालक लपवतात.

जुनी_कात्री

मी घेत नाही. तो वेळ खातो हे खरं, पण पैसे लावले की मालक ‘चावत नाही हो’ म्हणून सांगतो आणि माझा हात जातो. मी उलट लिहितो: ‘चावत असेल तर आधी सांगा, शांत वेळ देऊ.’ मंगळवारी दुपारी बोलावतो, दुकानात दुसरा कुत्रा नसताना.

म्हापसेकर

मंगळवारचं तुम्हाला जमतं, तुमचं दुकान आहे. मी त्याच्याच घरी जातो, तिथे तो राजा असतो. मला दोन माणसं न्यावी लागतात, दुसऱ्याचा पगार कोण देणार? मी घेणारच.

पशुवैद्य_सातारा

अचानक चावायला लागलेला, विशेषतः वयस्कर कुत्रा असेल तर जादा पैसे किंवा शांत वेळ यांच्याआधी माझ्याकडे पाठवा. कान दुखत असतो किंवा सांधे. ब्लोअरखाली उभं राहणं त्याला सहन होत नसतं.

मृदुला_सिंहगडरोड

तीन आठवड्यांनी लिहितेय. पोस्ट १ तारखेला चार ग्रुपांवर टाकली. आता फोन वेगळे येतात. आधी पहिला प्रश्न ‘सहाशेत काय काय?’ असायचा. आता लोक म्हणतात, “दुसरा गट, अठ्ठावीस किलो, शनिवारी वेळ आहे का?” कानामागचे फोटो येतात, काही तर कंगवा अडकलेलाच दाखवून.

दोन ठिकाणी अजून अडतंय. स्पिट्झवाले स्वतःला पहिल्या गटात धरतात, कारण त्यांचा कुत्रा लहान आहे. म्हणून दुसऱ्या गटात स्पिट्झचं नाव पहिलं होतंच, आता ‘लहान असला तरी’ असे शब्द जोडलेत. आणि कॉकर स्पॅनियल कुठे घालायचा ते मला ठरवता येत नाहीये. पाठीवर गळतो, कान आणि पाय मात्र कापावे लागतात. जुनी_कात्री दादा, तुम्ही काय करता?

रविवारच्या त्या बाईंना मी स्वतः फोन करून नवी पोस्ट पाठवली आणि म्हटलं, चूक माझ्या लिहिण्यात होती. त्या गुरुवारी आल्या. कंगवा घरीच फिरवला होता, बगलेत अडला होता. १,५२० झाले.

जुनी_कात्री

कॉकर तिसऱ्यात घाला, कापून. न कापता नेणारा कॉकरवाला मला अजून भेटलेला नाही. कानांच्या आतले केस मात्र मोजून धरा, तिथेच वीस मिनिटं जातात.